सेमीफायनलच्या आधी

रिछाईला पोस्टिंग होती तेव्हा कंपनीच्या कबड्डी संघाचं कप्तानपद माझ्याकडे आलं. जबलपूरच्या रांझीजवळचं रिछाई म्हणजे कारखान्यांची वस्ती. संघात निम्मी पोरं आपल्याकडची, सांगली-सातारा भागातली. आम्ही सेमीफायनलला पोचलो आणि समोर नेमका तोच संघ आला, ज्याने साखळी सामन्यात आम्हाला अकरा गुणांनी झोपवलं होतं.

सामन्याआधी कप्तानाने बोलायचं असतं. "आज जिंकणारच" असं म्हणणं सोपं. पण पहिल्या पाच मिनिटांत लोण चढला की ते वाक्य खोटं पडतं, आणि त्यासोबत कप्तानाचा शब्दही. म्हणून मी पोरांना म्हणालो, "जिंकूच असं मी सांगत नाही. समोरचे आपल्यापेक्षा भारी आहेत. पण आपल्या हातात तीन गोष्टी आहेत.

"एक, त्यांचा उंच चढाईपटू बोनस घ्यायला येतो. तो पाय टाकताना कोपऱ्याने झेप घ्यायची नाही. बोनस गेला तर एकच गुण जातो. तो परत वळला की घोटा धरायचा आणि बाकीच्यांनी लगेच तुटून पडायचं.

"दोन, आपण तिघेच उरलो तर घाबरायचं नाही. तेव्हा पकडीला एकाऐवजी दोन गुण मिळतात. घाई त्यांनी करायची, आपण नाही.

"तीन, लोण चढलाच तर त्यांना दोन गुण जास्त मिळतील, पण आपले सातही जण परत आत येतील. तिथून नवा सामना समजायचा."

मग ध्यानचंदांची गोष्ट सांगितली. तेही फौजी आणि कप्तान. 1936 मध्ये बर्लिनला स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात त्यांचा संघ जर्मनीकडून 4-1 ने हरला. त्यांनी उणीव ओळखली, भारतातून दारा यांना बोलावून घेतलं. दारा पोचले ते सेमीफायनलच्या वेळेस. फ्रान्सवर दहा गोल झाले आणि फायनलमध्ये त्याच जर्मनीवर आठ. "हरलेल्या सामन्यातून काय दुरुस्त करायचं ते ध्यानचंदांना दिसलं. आपल्यालाही दिसलंय," एवढंच म्हणालो.

पूर्वार्धातच लोण चढला. मी पोरांकडे पाहिलं. कुणी कुणावर ओरडलं नाही. उत्तरार्धात तिघे उरले तेव्हा डाव्या कोपऱ्यावरचा सगळ्यात लहान पोरगा बाकीच्या दोघांना म्हणाला, "दोन मिळतात रे, थांबा." ते थांबले. उंच गडी वळला, घोटा सापडला, दोन गुण आले.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. संध्याकाळी लंगरमध्ये पोरं वाद घालत होती, पण एकमेकांच्या चुकांवर नाही. शेवटच्या चढाईत साखळी उजवीकडून लावायची की डावीकडून, यावर.