बायबॅकचे पैसे: नफा आठ हजार, कर अकरा हजार

नोव्हेंबर 2025 मध्ये इन्फोसिसने आपलेच 10 कोटी शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले. भाव होता शेअरमागे 1,800 रुपये आणि एकूण रक्कम 18,000 कोटी. त्या सुमारास बाजारात हाच शेअर दीड हजारांच्या आसपास मिळत होता. तीनशे रुपये जास्त देणारे गिऱ्हाईक दारात उभे असताना विचार कसला करायचा, असे वाटून अनेकांनी अर्ज केले. कंपनीच्या प्रवर्तकांनी मात्र भाग घ्यायचा नाही असे आधीच कळवून टाकले होते. त्यांच्याकडे सुमारे 13 टक्के भांडवल होते. त्यामागे त्यांचा विचार काहीही असो, त्या वेळच्या कायद्यात गणित मोठ्या करदात्याच्या विरोधातच जात होते.

ते गणित एका घरापुरते मांडून पाहू. समजा, नाशिकला आई आणि मुलगा राहतात. आईला पेन्शन आहे आणि ठेवींचे व्याज येते. सगळे मिळून वर्षाला पाच लाख. मुलगा चांगल्या पगारावर आहे, त्यामुळे त्याच्या वरच्या उत्पन्नावर 30 टक्के दराने कर लागतो. दोघांनी काही वर्षांपूर्वी 1,400 रुपये भावाने प्रत्येकी 110 शेअर घेतले होते. नोंद तारखेला दोन लाखांपर्यंतचे शेअर ज्याच्याकडे असतील तो छोटा भागधारक, अशी व्याख्या आहे आणि बायबॅकमधला 15 टक्के वाटा त्यांच्यासाठी राखलेला असतो. इन्फोसिसने या गटाला दर 11 शेअरमागे 2 शेअरचा हक्क दिला होता. म्हणजे दोघांचेही 20-20 शेअर गेले आणि प्रत्येकाचे 36,000 रुपये झाले.

बँकेत मात्र 32,400 जमा झाले. उरलेले 3,600 टीडीएस म्हणून कापले गेले, कारण 1 ऑक्टोबर 2024 पासून बायबॅकची रक्कम कायद्याने लाभांश मानली जात होती आणि वर्षाला 10,000 रुपयांवरच्या लाभांशावर 10 टक्के टीडीएस लागतो.

इथे लाभांश मानली गेली ती संपूर्ण रक्कम. 36,000 मधून खरेदीचे 28,000 वजा करायला परवानगी नव्हती. खरा फायदा आठ हजारांचा, पण करपात्र उत्पन्न छत्तीस हजारांचे. मुलाला त्यावर उपकरासह 31.2 टक्क्यांनी 11,232 रुपये कर बसला. हातात उरले 24,768. ज्या शेअरसाठी त्याने 28,000 मोजले होते, ते चढ्या भावाने विकूनही त्याला घातलेले पैसे परत मिळाले नाहीत. तेच 20 शेअर त्याने बाजारात 1,500 ला विकले असते तर 30,000 आले असते आणि दोन हजारांचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसला असता.

आईचे चित्र अगदी उलटे. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि लाभांश त्यात धरला जातो. तिने रिटर्न भरले की 3,600 चा परतावा मिळतो आणि पूर्ण 36,000 तिचे होतात. कंपनी तीच, भाव तोच, तारीखही तीच. त्यामुळे या काळात बायबॅकबद्दल कोणी विचारले की माझा पहिला प्रश्न असायचा: अर्ज कोणाच्या डीमॅट खात्यातून करणार?

मग खरेदीच्या 28,000 चे काय झाले? कायद्याने ते वाऱ्यावर सोडले नाहीत, पण दुसऱ्या कप्प्यात टाकले. भांडवली नफ्याच्या हिशोबात या शेअरची विक्री किंमत शून्य धरायची आणि खरेदी किंमत हा पूर्ण तोटा समजायचा. हा तोटा लाभांशातून वजा होत नाही, भांडवली नफ्यातूनच होतो. शेअर वर्षाहून जास्त काळ ठेवले असतील तर तोटा दीर्घ मुदतीचा ठरतो आणि तो फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यासमोर चालतो. त्या वर्षी असा नफा नसेल, तर पुढची आठ वर्षे तो ओढता येतो.

यात एक बारकावा फार जणांच्या नजरेतून सुटतो. पुढच्या वर्षी मुलाने इक्विटी म्युच्युअल फंड विकून दोन लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा मिळवला, तर त्यातून 28,000 वजा होतील आणि उपकरासह 13 टक्क्यांनी त्याचे 3,640 रुपये वाचतील. पण नफा 1,20,000 च असेल, तर कर तसाही नव्हता. तरीही तोटा आधी वजा होतो आणि करमुक्त मर्यादा त्यानंतर लागते. म्हणजे तोटा खर्ची पडतो आणि पदरात काहीच पडत नाही. तोटा ओढून आणला असेल, तर फंड विकायचे वर्ष आणि रक्कम ठरवताना हे डोक्यात ठेवावे लागते. शिवाय सगळे जमून आले तरी मुलाच्या हातात 28,408 च येतात. बाजारातल्या 30,000 च्या ते मागेच राहतात.

सर्वांत जास्त गोंधळ रिटर्न भरताना होतो. करखात्याच्या एआयएसमध्ये 36,000 लाभांश दिसतो. डीमॅटमधून 20 शेअर गेलेले असतात. काही ब्रोकरांच्या वार्षिक नफा-तोटा पत्रकात मात्र हेच शेअर 1,800 ने विकल्यासारखे येतात आणि समोर आठ हजार नफा छापलेला असतो. तो आकडा उचलून भरला की एकच पैसा उत्पन्नात दोनदा मोजला जातो आणि 28,000 चा तोटा कुठेच नोंदला जात नाही. योग्य जागा दोन आहेत: लाभांश ‘इतर उत्पन्ना’त, तोटा भांडवली नफ्याच्या पत्रकात बायबॅकसाठी असलेल्या ओळीत. पहिली नोंद नसेल तर दुसरी मान्य होत नाही. शिवाय पुढे ओढायचा तोटा आयटीआर-1 मध्ये दाखवताच येत नाही, त्यासाठी किमान आयटीआर-2 लागतो. आईसारखे पेन्शनर नेमके इथेच अडकतात, कारण त्यांचा दरवर्षीचा सवयीचा फॉर्म आयटीआर-1 असतो.

हप्त्याहप्त्याने शेअर घेतले असतील, तर डीमॅटमध्ये जे आधी आले ते आधी गेले असे धरतात. जुनी खरेदी बहुधा स्वस्तातली असते, त्यामुळे तोट्याचा आकडाही लहान येतो.

बायबॅकला लाभांश मानण्याची ही व्यवस्था आली ती आधीच्या व्यवस्थेवरचा उतारा म्हणून. जुलै 2019 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या बायबॅकवरचा कर स्वतः भरत, अधिभार-उपकरासह सुमारे 23.3 टक्के, आणि भागधारकाला मिळणारी रक्कम करमुक्त असे. टीसीएसचा डिसेंबर 2023 चा 17,000 कोटींचा बायबॅक त्याच काळातला. तेव्हा शेअर देणारे पूर्ण रक्कम घरी नेत आणि कराचा भार शेअर न देणाऱ्यांसह सगळ्या भागधारकांवर पडे. ते अन्यायाचे होतेच. पण त्यावर उपाय म्हणून भांडवलाच्या परतफेडीलाच उत्पन्न म्हणणे मला कधी पटले नाही.

2026 च्या अर्थसंकल्पाने ही चूक दुरुस्त केली. 1 एप्रिल 2026 पासूनचा बायबॅक पुन्हा भांडवली नफ्यात आला आहे: मिळालेल्या रकमेतून खरेदी किंमत वजा, उरेल त्यावर कर. आपल्या मुलाच्या बाबतीत हा आकडा आठ हजार झाला असता आणि सव्वा लाखाच्या मर्यादेत विरून गेला असता. प्रवर्तकांना मात्र जादा कर लावला आहे; अर्थसंकल्पात सांगितल्याप्रमाणे त्यांच्यावरचा एकूण भार प्रवर्तक कंपनी असेल तर 22 टक्के आणि अन्यथा 30 टक्के होतो. बायबॅक कधी आणि किती भावाने करायचा हे ठरवण्यात ज्यांचा हात असतो, त्यांना लाभांशाऐवजी ही स्वस्त वाट मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

नोव्हेंबर 2025 मध्ये शेअर दिलेल्यांना मात्र जुनाच नियम लागू आहे. त्यांचा तोटा जिवंत राहतो तो मूळ रिटर्न मुदतीत भरले असेल तरच. मुदतीत भरले, पण ब्रोकरच्या पत्रकावर विसंबून तोटा दाखवायचा राहिला, अशांना सुधारित रिटर्नची मुदत संपेपर्यंत ते भरता येते. त्यासाठी कागद तीनच लागतात: खरेदीच्या वेळची काँट्रॅक्ट नोट, एआयएस आणि शेअर गेल्याची नोंद असलेले डीमॅटचे विवरण.