क्रिएटिनचा सल्ला ऐकताना



आमच्या यवतमाळात आता साठीच्या बायकाही जिमला जाऊ लागल्या, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र जिमसोबत क्रिएटिनचा डबाही घरात येतो. परवा जाऊबाईंनी मला एक रील दाखवलं. "शाकाहारी बायकांना क्रिएटिन मिळतच नाही, पन्नाशीनंतर हाडं वाचवायची असतील तर रोज एक चमचा घ्या," असं त्यातली मुलगी सांगत होती. त्यांच्या ट्रेनरचंही तेच म्हणणं होतं, आणि डबाही तोच विकत होता.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ज्या कंपनीत आपले शेअर्स आहेत तिचा ऑडिट करता येत नाही, हे आम्हाला शिकवलं होतं. ऑडिटर खोटारडाच असतो असं नाही, पण त्याचा हितसंबंध आड येतो. म्हणून पहिला प्रश्न हाच, की मी डबा घेतला तर सांगणाऱ्याला काही मिळतं का? रीलखाली सवलतीचा कोड असला की प्रत्येक विक्रीमागे बहुधा कमिशन असतं. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे की पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेली पोस्ट जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं. 2023 पासून आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी आपलं शिक्षणही सांगायचं आहे. जाऊबाईंच्या रीलमध्ये कोड होता, पण जाहिरात असल्याचा शब्द नव्हता आणि शिक्षणही नव्हतं.

तरी एवढ्यावरून सल्ला चुकीचा ठरत नाही. विकणाराही खरं बोलू शकतो. म्हणून दुसरा प्रश्न पुराव्याचा. रीलमध्ये "संशोधनाने सिद्ध" असं लिहून 2015 चा एक अभ्यास दाखवला होता. तो खरा आहे. कॅनडात रजोनिवृत्ती झालेल्या बायकांना वर्षभर व्यायामासोबत क्रिएटिन दिलं, तेव्हा खुब्याजवळच्या हाडाची झीज कमी दिसली. पण शेवटपर्यंत टिकलेल्या बायका होत्या फक्त 33. इतक्या थोड्या जणींत निकाल योगायोगानेही इकडचा तिकडे होतो.

मग pubmed.ncbi.nlm.nih.gov या साइटवर creatine postmenopausal bone एवढंच टाकून पाहिलं. त्याच मुख्य संशोधकाने पुढे मोठा अभ्यास केला आणि तो 2023 मध्ये छापला. त्यात 237 बायका होत्या आणि मुदत दोन वर्षांची. सगळ्यांनी व्यायाम केला, काहींना क्रिएटिन दिलं आणि काहींना तशीच दिसणारी साधी पावडर. कोणाला काय मिळतंय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. हाडांच्या घनतेत दोन्ही गटांत फरक पडला नाही. क्रिएटिनवाल्यांचा चालण्याचा वेग थोडा वाढला आणि हाडाच्या घडणीची काही मोजमापं बरी आली. पण आपल्या तपासणीत जी घनता मोजतात, ती जैसे थे.

आता हिशेब बघा. त्या अभ्यासात वजनाच्या दर किलोला 0.14 ग्रॅम दिलं होतं. साठ किलोच्या बाईला ते रोज 8.4 ग्रॅम होतं. रीलमधला चमचा तीन ग्रॅमचा. मोठ्या मात्रेने जे झालं नाही, ते एका चमच्याने होईल असं कशावरून म्हणायचं? क्रिएटिन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. वजन उचलण्याच्या व्यायामासोबत स्नायूंची ताकद वाढते, याला पुष्कळ चांगला आधार आहे. पण स्नायूंचा पुरावा दाखवून हाडांचं आश्वासन विकता येत नाही.

शाकाहाराचा मुद्दा अर्धा खरा आहे. क्रिएटिन मांस-मासळीत असतं, आपल्या ताटात जवळपास नसतंच. पण आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम स्वतः तयार करतं. बाजारातली क्रिएटिन मोनोहायड्रेट पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, मांसापासून नाही. कॅप्सूल असेल तर मात्र जपा, तिचं वेष्टन जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून आलेलं असू शकतं. डब्यावर हिरवा ठिपका आहे का ते पाहा आणि घटकांची यादीही वाचा.

तिसरा प्रश्न असा, की सल्ला देणाऱ्याने तुम्हाला काय विचारलं? शरीरात क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असूनही रक्ताच्या रिपोर्टमध्ये ते थोडं वाढलेलं दिसू शकतं. डॉक्टरांना ठाऊक नसेल तर उगाच धावपळ होते. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून वजन किलो-दीड किलो वाढतं, तेही आधी सांगायला हवं. ज्याने मधुमेह, बीपी किंवा मूत्रपिंडाबद्दल एकही प्रश्न न विचारता चमचा ठरवला, त्याने सल्ला दिला नाही, माल खपवला.

जाऊबाईंनी डबा घेतला नाही. वजनं उचलणं मात्र चालू ठेवलं आहे.