घडी मोडायला मंगळवार

खणाचा कुर्ता गणपतीत एकदा अंगावर येतो आणि घडी होऊन कपाटात जातो, तो थेट दिवाळीपर्यंत. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणीला तो साध्या मंगळवारी मीटिंगला घालायचा होता. तिने सुती कुर्ते शिवून घेतले. खण फक्त गळ्यापाशी आणि बाह्यांच्या टोकाला. मैत्रिणींनी ते उचलले. कुर्ते जमले, नाव जमेना.

पहिल्या यादीत सगळे सणच होते. असं नाव कपड्याला समारंभाकडे ओढतं. 'मान्यवर' या ब्रँडचं नाव म्हणजे निमंत्रणपत्रिकेतला शब्द. लग्नाच्या कपड्यांवर तो शोभतो, सोमवारच्या बसमध्ये जड होईल. मीना बिंद्रा यांच्या 'बीबा'ची गोष्ट वेगळी. पंजाबीत लाडक्या मुलीला मारायची ती हाक, म्हणून ती रोज तोंडात बसते. मुंबईच्या सुजाता आणि तानिया या बहिणींनी नावांची पहिली अक्षरं जोडून 'सुता' केलं, आणि त्यात सूतही ऐकू आलं.

मग सरळ 'खणाचा कुर्ता' म्हटलं तर? तिथे कायदा आडवा येतो. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दाला सहसा नोंदणी देत नाही. असा शब्द उद्या शेजारच्या दुकानदारालाही लागणार असतो.

तिला आईचं बोलणं आठवलं. नवं कापड पहिल्यांदा नेसलं की आई म्हणे, "आज घडी मोडली." 'घडी' हे नाव तिला अगदी आपलं वाटलं. पण इंदूरच्या सहकारी मैत्रिणीला त्यात घड्याळ दिसलं, आणि पाठोपाठ कपडे धुण्याची पावडर. पावडरीचा वर्ग वेगळा आणि कपड्यांचा वर्ग 25 वेगळा, हे खरं. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात वर्ग नसतात.

शेवटी तिच्या वहीत 'सणवार' उरला. त्यात सण आहे आणि आठवड्याचा वारही. तिने पाच जणांना फोनवर नाव सांगून टाइप करायला लावलं. कुणी Sanvar लिहिलं, कुणी Sanwar; 'ण' तर रोमन लिपीत हरवलाच. इंदूरच्या मैत्रिणीला मात्र त्यात 'सँवरना', म्हणजे नटणं, ऐकू आलं आणि नाव तिलाही आवडलं. तेव्हा तिने ठरवलं की लेबलवर नाव देवनागरीत राहील, आणि शोधणाऱ्यांसाठी दोन्ही रोमन रूपं आपण धरायची.

आता ट्रेडमार्क नोंदवहीच्या संकेतस्थळावर वर्ग 25 मध्ये उच्चारानुसार शोध घेणं बाकी आहे. स्पेलिंग वेगळं असलं तरी सारख्या उच्चाराचं नाव आधीच नोंदलेलं असेल, तर कलम 11 ची हरकत येऊ शकते. म्हणून ऑनलाइन अर्जाचे साडेचार हजार भरण्याआधी आणि विणलेली लेबलं मागवण्याआधी हा शोध. तोवर तिने सुती फितीवर हाताने 'सणवार' भरलं, एका कुर्त्याच्या गळ्यामागे टाचलं आणि मंगळवारी त्याची घडी मोडली.