उत्तरायणाआधीची पेटी

बडोद्याच्या छाणीत उत्तरायण आलं की 14 आणि 15 जानेवारीला सगळी सोसायटी गच्चीवर असते. काच लावलेला मांजा सरसर ओढला जातो आणि तर्जनीच्या पेरावर काप बसतो. तो बारीक दिसतो, पण वाटतो त्याहून खोल असतो. सोसायटीची प्रथमोपचाराची पेटी भरायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी यादी या एकाच जखमेवरून केली.

सगळ्यात आधी लागणार होता गॉज. औषधाच्या दुकानातल्या भाईंनी कागदात गुंडाळलेलं मोठं थान पुढे केलं. म्हणाले, "बेन, आ सस्तुं पडशे." स्वस्त पडलं असतं हे खरंच. पण थान एकदा उघडलं की ते निर्जंतुक राहत नाही, आणि गच्चीवर घाईत कोणीतरी धुळीच्या हातांनीच त्याचा तुकडा फाडणार. मी दहा सेंटिमीटरचे, एकेकटे बंद केलेले चौकोन मागितले. अशा पाकिटावर 'स्टराइल' हा शब्द असतो, ते गॅसने की किरणांनी निर्जंतुक केलं ते असतं, आणि आकडा दोन एका तिरप्या रेघेने खोडलेलं चिन्ह असतं. त्याचा अर्थ, एकदाच वापरा. बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांकही मी पाहते. नाव ओळखीचं असणं मला पुरेसं वाटत नाही. ज्या पाकिटावर पत्ताच अर्धवट आहे त्याला हात लावत नाही.

तारखेबद्दल एक गोष्ट सहज निसटते. 'एक्सपायरी 03/2027' म्हणजे 31 मार्च 2027पर्यंत. पण हा भरवसा बंद, कोरड्या आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या पाकिटाला लागू आहे. पाकीट टोचलं, भिजलं किंवा कडेची पट्टी सुटली, तर तारीख कितीही पुढची असो, आतला गॉज निर्जंतुक धरता येत नाही. म्हणून मी प्रत्येक पाकिटाच्या चारही कडांवरून बोट फिरवून पाहिलं. एकाची कड उघडी निघाली; भाईंनी लगेच बदलून दिलं.

जंतुनाशकाच्या कपाटापाशी जास्त वेळ गेला. पोव्हिडोन आयोडीन हवं होतं आणि बीटाडीन हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्याच नावाखाली वेगवेगळ्या बाटल्या मिळतात. 2 टक्क्यांची गुळण्यांसाठी असते. 7.5 टक्क्यांच्या स्क्रबमध्ये साबणासारखा घटक असतो. शस्त्रक्रियेआधी हात धुवायला तो असतो, उघड्या जखमेत ओतायला नव्हे. जखमेसाठीचं मलम 5 किंवा 10 टक्क्यांचं मिळतं. भाईंनी घाईत गुळण्यांचीच बाटली काढली होती. ब्रँड बरोबर, वस्तू चुकीची. त्यामुळे मोठ्या अक्षरातलं नाव सोडून त्याखालची बारीक ओळ वाचायची: कोणतं औषध, किती टक्के, कशावर. मी 5 टक्के मलमाची लहान ट्यूब घेतली. मोठी बाटली एकदा उघडली की कित्येक महिने हातोहात फिरते. खोक्यावरचा आणि ट्यूबवरचा बॅच क्रमांक जुळतो का, तेही पाहिलं. आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांना ते लावू नये, ही लेबलवरची सूचना मी पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिली.

मांजाच्या कापावर मात्र मलम पहिलं नव्हे. बोट वाहत्या पाण्याखाली धुवायचं, दुमडलेला गॉज ठेवून दहा मिनिटं न उघडता घट्ट दाबायचं आणि हात वर धरायचा. रक्त वरपर्यंत आलं तरी पहिला थर काढायचा नाही. त्यावर दुसरा ठेवायचा. हे थर जागेवर धरायला चार इंची रोलर पट्टी घेतली. कापूस मुद्दाम वगळला, कारण त्याचे धागे जखमेत अडकतात. मांजा गळ्याला लागला, रक्त उसळून येत असेल किंवा बोट वाकत नसेल, तर ते काम पेटीचं नाही. जखमेवर दाब देत राहायचं आणि 108ला फोन करायचा.

पेटी आतापर्यंत जिन्याच्या माथ्यावर, पत्र्याखालच्या कपाटात असायची. मेमध्ये बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापतं. मलमावर मात्र '30 अंशांखाली ठेवा' असं लिहिलेलं असतं. चिकटपट्ट्यांचा गोंदही अशा उष्णतेत कडेने बाहेर येतो, मग पट्टी बोटावर धरत नाही. कपाट तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत हलवलं. उत्तरायणाचे दोन दिवस तेवढी पेटी वर न्यायची. झाकणाच्या आत प्रत्येक वस्तूची तारीख लिहिली आहे, सगळ्यात लवकर संपणारी सर्वांत वर. सध्या ती जागा मलमाची आहे.