सोलं माळ्यावर गेली तेव्हा

माझी पहिली रहस्यकथा बायकोनं एका वाक्यात निकालात काढली. "हा डाग आधी कुठं होता हो?" डाग मी शेवटच्या पानावरच काढला होता. लाज वाटली.

मग उलटा बसलो, शेवट आधी ठरवून. पुतण्यानं काकूला दुपारी मारलं. सांगतो मात्र की पाऊस थांबल्यावर संध्याकाळी आलो. अंगणात वाळत घातलेली सोलं पाऊस येताच, चारला, माळ्यावर गेली. पुतण्याच्या लेंग्याच्या काठाला सोलांचा तांबडा डाग. म्हणजे चारच्या आधी तो अंगणात होता.

आता मागं सरकलो. डाग दुसऱ्या प्रकरणात टाकला, चहा सांडल्याच्या गडबडीत. वाचकाला दिसावा, पण तो तिथं थांबू नये. चारची वेळ पाचव्यात, मोलकरणीच्या कुरकुरीत. दोन्ही शेजारी ठेवले असते तर बिंग तिथंच फुटलं असतं.

चकवा मोलकरणीचा. तिचे हात तांबडे, शिवाय ती खोटं बोलते. पण का, हेही कथेत उलगडायला हवं: माळ्यावर तिनं लेकीच्या फीचे पैसे लपवलेत. हे कारण नसतं तर ती शुद्ध फसवणूक झाली असती.

बायको सध्या सहाव्या प्रकरणावर आहे. संशय अजून मोलकरणीवरच.