गच्चीची किल्ली

गर्दी न आवडणाऱ्या माणसाचा वाढदिवस बाकीच्यांना फार आवडतो. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण नोव्हेंबरपासूनच फोनवर कुजबुजायला लागली होती, "चाळिसावा आहे गं त्याचा! तू नुसती हो म्हण, हॉलचं मी बघते." ताईंचा जीव मोठा आणि आवाजही. त्यांच्या मनातल्या यादीत मावशा होत्या, शाळेतले मित्र होते, जुन्या वाड्यातले शेजारीही होते. त्या यादीमुळे ज्याच्या वाट्याला धडधड येणार होती तो माणूस मात्र हॉटेलात वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन निघाले की मेन्यूकार्डात तोंड लपवतो. केक पलीकडच्या टेबलाचा असला तरी.

त्याला माणसं आवडत नाहीत असं मुळीच नाही. एकट्यादुकट्याशी तो तासन् तास बोलतो. त्याचा घसा कोरडा पडतो तो कोण कोण येणार, कुठे उभं राहायचं आणि हे संपणार कधी, याचा पत्ता नसला की. सरप्राइज पार्टीत नेमकं हेच तीन प्रश्न अंधारात ठेवलेले असतात. दिवा लागतो, पंचवीस तोंडं एकदम ओरडतात आणि ज्याच्यासाठी ओरडतात त्याला मागचं दार शोधावंसं वाटतं. म्हणून मी ठरवलं, की लपवायची गोष्ट एकच. बाकी सगळं आधी सांगून टाकायचं. मंगळवारी चहा पिताना त्याला म्हटलं, "शनिवारी रात्री आपण दोघंच. गाडी काढायची नाही. साडेअकराला घरात परत. स्वेटर लागेल." त्याचे खांदे खाली आलेले मला दिसले. मग कुतूहल वर आलं. "स्वेटर कशाला?" एवढं एकच कोडं त्याच्याकडे राहिलं आणि ते त्याने चार दिवस मजेत सांभाळलं.

हातात रुपये होते सहाशे. घराच्या हप्त्याने आणि त्या महिन्यात आलेल्या विम्याने बाकीचं आधीच उचललं होतं. सहाशेत पुण्यात दोघांचं बरं जेवण होतं, पण शनिवारी ते बाहेर रांगेत ताटकळल्यावर. अर्धा किलो नाव घातलेला केक आणला की पैसे संपले. हुरडा पार्टीला जायचं तर शहराबाहेर माणशी काहीशे रुपये, वर पेट्रोल, आणि तिथे बैलगाडीच्या फेरीबरोबर लाऊडस्पीकर फुकट. टेकडीचा विचार आला, पण रात्री तिथे दोघांनीच बसणं शहाणपणाचं नाही. फुकट आणि निर्मनुष्य अशी एकच जागा उरली: आमच्याच इमारतीची गच्ची. तिला कुलूप असतं आणि वर्षातून एकदा टाकी धुणाऱ्यांशिवाय तिथे कोणी जात नाही.

आता गच्चीवर नेऊन दाखवायचं काय? ते त्याच्या जन्मतारखेनेच सोडवलं. 13 डिसेंबर. त्या रात्री आणि तिच्या पुढच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. वर्षातल्या मोठ्या वर्षावांपैकी हा एक, आणि आपल्याकडे सोयीचा, कारण डिसेंबरात आभाळ बहुधा स्वच्छ असतं. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला वर्षाव आपल्या नशिबी ढगांमागेच होतो. शिवाय मिथुन रास संध्याकाळीच उगवते, त्यामुळे पहाटेचा गजर लावावा लागत नाही. दहाच्या सुमाराला ती पूर्वेला चांगली वर आलेली असते.

अडचण असते चंद्राची. त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. ती 13 डिसेंबरला खेटून आली, तर उल्का सोडून द्याव्यात. 2024 साली ती 14 डिसेंबरला होती, म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण, सगळं आभाळ पांढुरकं. 2025 साली ती 4 डिसेंबरला येऊन गेली. तेराव्या तारखेपर्यंत चंद्र निम्म्याहून लहान झाला होता आणि उगवणार होता पहाटे दोनच्या सुमाराला. आमच्या साडेअकराला त्याचा काहीच त्रास नव्हता.

किल्ली सेक्रेटरींकडे असते. काकांकडे मी गुरुवारीच गेले, कारण शनिवारी ऐनवेळी मागितली की 'कोणाची पार्टी आहे का?' हा प्रश्न सगळ्या मजल्यांवर जातो. त्यांना खरंच सांगितलं: दोघंच, गाणी नाहीत, शेगडी नाही. त्यांनी किल्ली दिली आणि वॉचमनला सांगून ठेवलं. तो निरोप माझ्या अंगावर येणार होता, हे तेव्हा कळलं नाही.

गच्चीची पाहणी दिवसा करायला नको, रात्री करायला हवी. दिवसा सगळ्या कोपऱ्यांत सारखंच ऊन असतं, रात्री रस्त्यावरच्या एलईडी दिव्याचा झोत कुठे पडतो ते दिसतं. आमच्याकडे लिफ्टच्या खोलीमागे, टाकीच्या सावलीत, चटई मावेल एवढा अंधार निघाला. पूर्व उघडी होती. डोळ्यांवर थेट दिवा पडत नाही ना, एवढंच तपासायचं. शहरावरचा उजेड आपल्याला घालवता येत नाही, शेजारचा दिवा मात्र टाकीआड लपवता येतो.

खाण्याचं मी हुरड्यावर ठरवलं. सीझन नुकता सुरू झाला होता, त्यामुळे भाव चढा होता, पण दोघांना पावशेर पुरतो. शंभर रुपये. कोवळी ज्वारी घेताना दाणा नखात दाबून बघावा. दुधाळ लगदा निघाला तर चांगला, पिठासारखा कोरडा झाला तर तो हुरड्याच्या वयातून पुढे गेला. आंबूस वास येत असेल तर कालचा. विकणारा 'गुळभेंडी' म्हणाला की लगेच विश्वास ठेवू नये, चार दाणे तोंडात टाकावेत. शेतात हुरडा गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. घरी लोखंडी तवा मंद तापवून दाणे पसरायचे, मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि चारेक मिनिटं झाकण ठेवायचं. जास्त भाजला तर चामट होतो आणि गार झाला की तसाही कडक होतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी, वर जायच्या पाच मिनिटं आधी भाजायचा आणि फडक्यात गुंडाळून जाड डब्यात भरायचा. सोबत घरचीच लसूण-शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. केकच्या जागी बेकरीतले दोन मावा केक. दीडशेच्या आसपास रुपये तिथे गेले, दोन रबरी गरम पिशव्यांपैकी एक घरात होती, दुसरी अडीचशेला आणली. त्या रात्रीची सगळ्यात शहाणी खरेदी तीच. गच्चीचं सिमेंट डिसेंबरात पाठीतून ऊब ओढतं आणि दहाच मिनिटांत माणूस 'छान होतं हं' म्हणत उठतो. खाली चटई, तिच्यावर जुनी गादी, वर दुलई आणि पायाशी पिशवी, एवढं केलं तरच तासभर पडून राहता येतं.

गुपित फुटतं ते मोठ्या चुकांनी नाही. आमचं बँक खातं दोघांचं आहे आणि मेसेज त्याच्या मोबाइलवर येतो. म्हणून सगळं रोखीने. सासूबाईंना बेत सांगितला नाही, कारण आईंच्या पोटात काही राहत नाही. फक्त सातच्या आत फोन करा म्हटलं. ताईंना मात्र सगळं सांगावं लागलं. त्या दुखावल्या. "म्हणजे आम्ही कोणीच नको?" मी म्हटलं, "ताई, रविवारी सकाळी पोह्यांना या ना. तुम्ही आणि भाऊजीच. तुमच्याशी तो दोन तास बोलेल, हॉलमध्ये दोन मिनिटंही बोलणार नाही." थोडा वेळ फोनवर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "पोहे मी करते. तुझे कोरडे होतात."

एवढं सांभाळूनही शनिवारी संध्याकाळी आम्ही भाजी घेऊन परतताना वॉचमनने जिन्यातून हाक मारली, "सर, गच्चीचं लाइट बंद ठेवायचं ना आज?" नवरा माझ्याकडे बघून हसला. पण कळलं ते फक्त ठिकाण. कशासाठी, हे अजून माझ्याकडेच होतं. सरप्राइजचं एक दार उघडलं तरी आतलं एखादं बंद असलं म्हणजे पुरे.

साडेनऊला घरात औक्षण केलं. निरांजन, सुपारी, त्याच्याच बोटातली अंगठी, हातावर साखर. दहाला वर. आमच्या नशिबाने जवळच्या मंगल कार्यालयातला डीजे त्याच वेळी थांबला; मार्गशीर्षातला शनिवार असल्यामुळे मी तो धरूनच चालले होते. फोन खालीच ठेवले होते, कारण डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितला की ती वीस मिनिटं पुन्हा मोजायची. तेवढ्या वेळात हुरडा संपला. त्या वर्षी गुरू मिथुनेतच होता, ठसठशीत, त्यामुळे पुनर्वसूचे दोन तारे शोधावे लागले नाहीत. उल्का त्या बाजूने आल्यासारख्या वाटतात, पण बघायचं तिथेच टक लावून नाही, डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात.

"बघायचंय काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पड गुपचूप." आणि बऱ्याच वेळाने पहिली गेली. मिथुनेतल्या उल्का काहीशा सावकाश जातात, बोट दाखवायला वेळ मिळतो. तो उठूनच बसला. मग मी वाचून ठेवलेलं सांगितलं, की बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून येतात, हा मात्र 1983 साली सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहाचा कचरा आहे. पुढचा तासभर तो त्या लघुग्रहावर बोलत होता, आभाळाकडे बघत. समोरासमोर बसलं की त्याला जे शब्द सापडत नाहीत, ते आडवं पडल्यावर सापडतात.

कमी दिसल्या, हे सांगायलाच हवं. अंधाऱ्या माळरानावर ताशी शंभराच्या आसपास मोजता येतात म्हणतात, पुण्याच्या मधोमध आम्हाला तासाभरात पाच-सहा मिळाल्या. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था शहराबाहेर रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, तिथे आभाळ नक्कीच जास्त दिसतं. पण तिथे माणसंही असतात. आमच्या गरजेला पाच-सहा पुरेशा होत्या. साडेअकराला मी म्हटलं, "चला, वेळ झाली." ठरलेल्या वेळी उठलं, की पुढच्या वेळी 'परत कधी यायचं' हे विचारावं लागत नाही.

2026 साली 13 डिसेंबरला रविवार आहे. अमावास्या चारच दिवस आधी येते, त्यामुळे चंद्राची कोर दहाच्या आतच मावळेल. तुमच्याही घरी गर्दीला भिणारं कोणी असेल आणि वाढदिवस त्या आठवड्यात येत असेल, तर किल्ली गुरुवारीच मागून ठेवा आणि वॉचमनला स्वतः भेटून घ्या.