तेरावा अंक

भाषांतर करणे आणि दुसऱ्यांचे लिखाण तपासणे हाच माझा व्यवसाय. त्यामुळे इंग्रजी विकिपीडियावर नवोदितांनी पाठविलेले मसुदे तपासण्याचे काम मी फावल्या वेळासाठी पत्करले, तेव्हा घरच्या मंडळींना हसू आवरेना.

एका संध्याकाळी एका जुन्या बारवेविषयीचा मसुदा माझ्यापुढे आला. ही बारव म्हणजे केवळ पाण्याचा साठा नसून संस्कृतीची चिरंतन साक्षीदार आहे, अशा थाटाची वाक्ये त्यात ठायी ठायी होती. यंत्राकडून लिहविलेल्या मजकुरात असा पोकळ गौरव फार आढळतो. म्हणून मन साशंक झाले. पण लगेच मी ओशाळलेही. तसली वाक्ये मी स्वतः कितीदा तरी लिहिली आहेत, आणि यंत्र ती शिकले तेही माणसांच्याच लिखाणावरून! ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे G15 हा नियम आला. न तपासलेला यंत्रलिखित मजकूर त्यान्वये तत्काळ काढून टाकता येतो. परंतु केवळ शैलीवरून नव्हे. यंत्राने लिहविणाऱ्याला उद्देशून काढलेले उद्गार मजकुरात तसेच राहिलेले असावेत, किंवा दिलेले संदर्भ अस्तित्वातच नसावेत अथवा निरर्थक असावेत, असा उघड पुरावा लागतो.

म्हणून मी संदर्भांकडे वळले. पहिल्या पुस्तकाचा क्रमांक होता ९७८८१७२३४५६१३. अशा क्रमांकातील अंकांना आळीपाळीने १ आणि ३ यांनी गुणून बेरीज केली, तर तिला १० ने नि:शेष भाग गेला पाहिजे. त्यासाठीच तेरावा अंक योजलेला असतो. येथे बेरीज १२६ आली. अर्थात एखादा अंक लिहिताना चुकतो, कधी पुस्तकावरच चुकीचा छापला जातो. म्हणून ग्रंथालयांच्या सूचींत ते नाव शोधले. लेखक खरा निघाला. त्या नावाचे पुस्तक मात्र कोठेच नव्हते.

दुसरे पुस्तक खरे होते, आणि फसगत होते ती अशाच ठिकाणी. ग्रंथालयात जाऊन मी ते पान उघडले. बारवेचे वर्णन त्यात होते. पण मसुद्यात छातीठोकपणे सांगितलेले बांधकामाचे वर्ष आणि बांधविणाऱ्या राणीचे नाव यांचा मागमूसही नव्हता.

मसुदा काढून टाकण्याची शिफारस मला करता आली असती. ती न करता मी तो परत पाठविला आणि एवढेच विचारले, "यांपैकी कोणते पुस्तक आपण स्वतः पाहिले आहे?"

दोन दिवसांनी उत्तर आले. लिहिणारा त्याच गावचा विद्यार्थी होता. बारव त्याने लहानपणापासून पाहिली होती, पुस्तक मात्र एकही नाही.

महिन्याभराने नवा मसुदा आला. अवघी सहा वाक्ये. काहींना ते दुसरे पुस्तक आधार, काहींना जिल्ह्याचे गॅझेटियर. प्रत्येक पान मी ताडून पाहिले. राणी गेली होती, बांधकामाचे वर्षही गेले होते. बारव मात्र आता खरोखर दिसू लागली होती.